रूट तीनपाशी थांबलेले उत्तर

दहावीच्या पूर्वपरीक्षेचा भूमितीचा गठ्ठा 46 उत्तरपत्रिकांचा होता. शिक्षकखोलीतल्या लांब टेबलाच्या खिडकीकडच्या टोकाला भूमितीच्या बाई तपासत बसल्या होत्या आणि समोर मी, बीजगणिताचे पेपर घेऊन. एकतिसाव्या पेपरवर बाईंचे लाल पेन थांबले. त्यांनी पान उलटले, पुढचे पान कोरे होते. पुरवणी कुठे निसटली आहे का ते पाहिले, दोरा नीट तपासला, पहिल्या पानावरची पुरवण्यांची नोंद वाचली. पुरवणी नव्हतीच.

"सर, हे बघा जरा," म्हणत त्यांनी पेपर माझ्याकडे सरकवला.

शेवटच्या उत्तराची शेवटची ओळ अशी होती: x + 40 = √3 × √3. त्यापुढे x यायला हवा होता, तो नव्हता. दुसऱ्या रूटच्या तिनाची शेपटी मात्र खाली सरळ ओढली जाऊन समासापर्यंत गेली होती. घंटा झाल्यावर पर्यवेक्षकांनी हाताखालून पेपर घेतला की अशी रेघ उरते.

गणित बाईंनीच घातलेले, 4 गुणांचे. नदीच्या काठावर उभ्या असलेल्या माणसाला पलीकडच्या काठावरच्या झाडाचा शेंडा 60° च्या उन्नत कोनात दिसतो. तो 40 मीटर मागे जातो, तेव्हा तोच कोन 30° होतो. नदीची रुंदी आणि झाडाची उंची काढायची. रुंदी x आणि उंची h धरली तर पहिल्या जागेवरून tan 60° = h/x, म्हणजे h = √3 x. दुसऱ्या जागेवरून tan 30° = h/(x + 40), म्हणजे x + 40 = √3 h. पहिल्यातला h दुसऱ्यात घातला की x + 40 = 3x, त्यावरून x = 20. नदी 20 मीटर रुंद आणि झाड 20√3 मीटर, साधारण 34.6 मीटर उंच.

या मुलाने आकृती काढली होती आणि दोन्ही कोन योग्य जागी लिहिले होते. काय मानले तेही वर लिहिलेले होते. दोन्ही समीकरणे बरोबर होती. दुसऱ्यात पहिले घालायला तो निघाला होता आणि तिथेच वेळ संपली.

अशा पेपरवर घाईच्या वेळी दोन प्रकारे अन्याय होतो, आणि आम्ही दोघांनीही तो कधी ना कधी केलेला आहे. एक तर तपासणारा खाली उत्तराची चौकट शोधतो, ती दिसली नाही की दीड-दोन गुण टाकून पुढे जातो. अर्धे उत्तर म्हणून अर्धे गुण. किंवा मुलाचे अक्षर ओळखतो, 'याला येतं हे' असे मनाशी म्हणतो आणि न लिहिलेल्या ओळींचेही गुण देऊन टाकतो. पहिल्यात मुलाने केलेले काम वाचलेच जात नाही. दुसऱ्यात न केलेले काम तपासणारा स्वतःच्या डोक्यातून भरतो, आणि तेही ओळखीच्याच मुलांसाठी.

बाईंनी गठ्ठा उघडण्याआधीच गुणांची वाटणी कागदावर लिहून ठेवली होती. नावांसह आकृतीला 1, पहिल्या समीकरणाला 1, दुसऱ्याला 1, x च्या किमतीला अर्धा आणि एककासह h च्या किमतीला अर्धा. या गणिताचा कस सुरुवातीलाच लागतो. शब्दांतून आकृती उभी करणे, मागे गेलेले 40 मीटर कुठे मोजायचे ते कळणे आणि दोन त्रिकोणांतून दोन समीकरणे मिळवणे हेच खरे भूमितीचे काम आहे. पुढची आकडेमोड आठवीतलाही मुलगा करील. त्यामुळे हे उत्तर लांबीने निम्मे असले तरी कामाने निम्मे नव्हते. बाईंनी तीन ठिकाणी बरोबरची खूण केली आणि प्रत्येक खुणेशेजारी समासात 1 लिहिला. तीन गुण झाले.

मी मुद्दाम बारावा पेपर काढायला लावला, कारण तो त्यांनी सकाळी मला दाखवला होता. त्या मुलीचे हेच उत्तर पूर्ण होते, अक्षर सुरेख, खाली पट्टीने आखलेली चौकट. पण तिने 40 मीटर हे मागे चाललेले अंतर न धरता झाडापासूनचे संपूर्ण अंतर धरले होते. म्हणून तिचे दुसरे समीकरण tan 30° = h/40 एवढेच झाले. त्यातून झाड 23.1 मीटर आणि नदी 13.3 मीटर आली. तिची बेरीज-गुणाकारात कुठेच चूक नव्हती. तरी बाईंनी आकृतीला अर्धा, पहिल्या समीकरणाला 1 आणि दुसऱ्याला, गुणोत्तर बरोबर निवडले म्हणून, अर्धा असे 2 गुण दिले होते. शेवटच्या दोन किमतींचे गुण दिले नव्हते. नुसता आकडा उतरवताना 40 चे 30 झाले असते तर पुढची रीत तीच राहिली असती, तेव्हा एकदाच अर्धा कापून पुढचे गुण देता आले असते. इथे मात्र चुकीमुळे दोन समीकरणे जोडून सोडवण्याची गरजच उरली नव्हती. जे काम करावे लागले नाही त्याचे गुण कसे देणार?

पूर्ण दिसणाऱ्या उत्तराला 2 आणि मध्येच तुटलेल्याला 3. दोन्ही पेपर शेजारी ठेवून आम्ही पुन्हा वाचले. मला ते गुण तेव्हा योग्य वाटले, आजही वाटतात.

खरी अडचण त्यानंतर आली. बाईंनी सहज शेवटचे पान उघडले. तिथे 'कच्चे काम' असे लिहून मुलाने उभी रेघ मारली होती आणि रेघेपलीकडे तिरक्या, बारीक अक्षरात तीन ओळी होत्या: x + 40 = 3x, 2x = 40, x = 20. म्हणजे उरलेल्या दोन-तीन मिनिटांत त्याने आधी कच्चे करून घेतले होते आणि मग तो ते मांडून लिहीत होता. उत्तर त्याच्या हाताशी होते.

"अर्धा द्यायला हवा," बाई म्हणाल्या.

मी नाही म्हणालो. माझे म्हणणे असे की रेघेपलीकडचे लिखाण मुलाने स्वतःच बाजूला काढलेले असते. तिथे तो चाचपडतो, खोडतो, तीन वाटा धरून बघतो. त्यातले आपल्याला हवे तेवढे उचलले तर आपणच त्याचे उत्तर लिहिल्यासारखे होते. बाईंनी ते ऐकून घेतले आणि मग पान माझ्यासमोर धरून तीन गोष्टी दाखवल्या. या ओळी खोडलेल्या नाहीत. त्या याच गणिताच्या आहेत, कारण पेपरात दुसऱ्या कुठल्याही गणितात 40 मीटर आणि 3x नाही. आणि x ची दुसरी कोणतीही किंमत त्या पानावर नाही, म्हणजे निवड आपल्याला करावी लागत नाही. नुसते x = 20 लिहिलेले असते तर शेजाऱ्याचे पाहिले की काय अशी शंका घेता आली असती. इथे वरच्या दोन ओळी होत्या, आणि त्या अर्धवट राहिलेल्या ओळीला नेमक्या जुळत होत्या.

मला पटले. पण एक प्रश्न उरत होता, आणि तो मी विचारायच्या आत बाईंनीच विचारला. "आधीच्या तीसांचं कच्चं काम मी कुठे पाहिलंय?"

पाहिले नव्हते. एकाचे पाहिले तर सगळ्यांचे पाहायला हवे. त्यांनी तपासून झालेले 30 पेपर पुन्हा समोर ओढले. अर्धवट उत्तर असलेले पाच निघाले. तिघांच्या कच्च्या कामात उपयोगाचे काही नव्हते. एका मुलीने वृत्तचितीच्या गणितात घनफळाची पुढची पायरी तिथे स्वच्छ करून ठेवली होती, तिचा अर्धा गुण वाढला. आणखी एकाने याच झाडाच्या गणिताला x = 15 आणि x = 20 अशा दोन्ही किमती लिहिल्या होत्या, एकीवरही काट नाही. त्यातली कोणती त्याची, हे ठरवणे म्हणजे त्याच्या वतीने पेपर सोडवणे झाले असते. त्याला काही मिळाले नाही. या सगळ्यात पाऊण तास गेला. एकतिसाव्या पेपरच्या समासात मग अर्धा लिहिला गेला. h कुठेच काढलेला नव्हता, कच्च्यातही नाही, म्हणून तो अर्धा गेला. 4 पैकी साडेतीन.

मुलाची वेळ कशात गेली, हे गुण देताना बाईंनी विचारातच घेतले नव्हते. घेताही येत नाही. गुण द्यायचे ते कागदावर काय आहे त्याचे, ते का राहिले याचे नव्हे. बेरीज करून पहिल्या पानावर मांडून झाल्यावर मात्र त्या पुन्हा आतली पाने चाळू लागल्या. समरूप त्रिकोणाच्या रचनेचे पान जाड झाल्यासारखे दिसत होते, इतके ते खोडले होते. उजेडात तिरके धरले तर कंपासच्या टोकाची भोके दिसत होती, एकाच किरणावर दोन वेगळ्या मापांची. बाजूंचे गुणोत्तर 7:5 होते आणि नवा त्रिकोण मोठा काढायचा होता, म्हणजे किरणावर 7 समान भाग घ्यायला हवे होते. त्याने आधी 5 घेऊन सगळी आकृती काढली, मग खोडली आणि पुन्हा काढली. भूमितीचा पेपर 40 गुणांचा आणि वेळ 2 तास, म्हणजे एका गुणाला 3 मिनिटे. या रचनेच्या वाट्याला 12 येतात.

पेपर वाटले त्या दिवशी तो मुलगा मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीच्या दाराशी आला. "बाई, याच्यात अर्धा कुठे गेला?"

बाईंनी पेन त्याच्या हातात दिले. "h काढ."

त्याने उभ्या उभ्या लिहिले, h = 20√3. बाई गप्प राहिल्या. मग त्याने पुढे 'मीटर' लिहिले.

"कच्च्यातलं मी शोधलं म्हणून मिळालं," त्या म्हणाल्या. "बोर्डात तुझा पेपर कोण तपासेल आणि ते पान उघडेल की नाही, हे ना तुला माहीत ना मला. वेळ कमी असली की कच्चं करूच नकोस. सरळ उत्तरातच कर, वेडंवाकडं झालं तरी चालेल." मग त्यांनी रचनेचे ते पान उघडले. "याला किती वेळ लागला?"

"वीस मिनिटं असतील. जास्तच, बाई."

"भाग किती घ्यायचे, ते कशावरून ठरवलंस?"

तो थोडा वेळ आकृतीकडे पाहत राहिला. "5 घेतले आधी. मग शेवटची रेघ काढल्यावर त्रिकोण लहान आला."

"शेवटी कळलं. ते आधी कसं कळेल?"

त्याने कोऱ्या कागदावर हाताने एक लहान त्रिकोण काढला, त्याला बाहेरून वेढणारा मोठा काढला, आणि मोठ्याच्या बाजूवर 7 लिहिले. बाईंनी आपले मनगटी घड्याळ काढून टेबलावर ठेवले आणि कंपासपेटी त्याच्यापुढे सरकवली. मी खुर्ची सोडून त्याला जागा करून दिली. रचना पूर्ण व्हायला 14 मिनिटे लागली.