लंबकाची वही, राइट टाउन

दोरा नको, दांडीच हवी. एक मीटर लांब, हलकी, टोकाला वजन. जबलपूर 23 अंश अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून साधारण चारशे मीटर उंच. म्हणून g इथे 9.79 धरतो. मग ω₀ = √(g/l) = 3.13.

आडव्या अक्षावर कोन θ, उभ्यावर कोनीय वेग ω. E = ω²/2 − ω₀² cos θ ही राशी प्रत्येक वक्रावर स्थिर राहते. E ω₀² पेक्षा कमी असेल तर बंद वक्र, म्हणजे झोके. जास्त असेल तर नागमोडी वक्र एकाच दिशेने जात राहतो, म्हणजे पूर्ण फेऱ्या. बरोबर ω₀² असेल तर सेपरेट्रिक्स: ω = ±2ω₀ cos(θ/2). तळाशी वजनाचा वेग 6.26 मी/से.

दोऱ्याला फेरी पुरी करायला तळाशी 7.0 मी/से लागतात, आणि 4.42 ते 7.0 च्या दरम्यान तो वाटेत सैल पडतो. तिथे हे चित्रच लागू नाही. तोंडी परीक्षेत हे विचारावं.

कागदावर π आणि −π हे दोन बिंदू दिसतात, पण दांडीची स्थिती एकच, उभी उलटी. कागद गुंडाळून त्या दोन कडा चिकटवल्या की सेपरेट्रिक्सच्या दोन फांद्या त्याच बिंदूतून निघून त्याच बिंदूत परततात. तरी त्या एकमेकींना छेदत नाहीत; बिंदूपर्यंत पोचायला अनंत काळ लागतो.

हा अनंत काळ मोजता येतो. माथ्याजवळ उरलेला कोन e^(−ω₀t) प्रमाणे घटतो, म्हणजे 1° वरून 0.1° वर यायला 0.74 सेकंद, पुढे 0.01° ला पुन्हा तेवढेच. लहान झोक्याचा आवर्तकाल 2.01 सेकंद. आयाम 179° केला तर 7.83, आणि 179.9° केला तर 10.78. फरक 2.95, म्हणजे 0.74 ची चौपट: दोन्ही बाजूंना माथ्याकडे एकदा जाणं, एकदा परतणं. हा हिशेब मला सूत्रापेक्षा आवडतो.

संगणकावर साधी ऑयलर पद्धत इथे दगा देते. पायरी 0.01 सेकंद असेल तर लहान झोक्याची ऊर्जा दर सेकंदाला सुमारे दहा टक्के फुगते. झोका सर्पिल होत सेपरेट्रिक्स ओलांडतो आणि दांडी गरगर फिरू लागते. ओळखायचं कसं? E छापत राहायचं. उपाय ओळींच्या क्रमात आहे, आधी वेग, मग त्याच नव्या वेगाने कोन:

```
w -= h*w0**2*sin(th)
th += h*w
```

आता E किंचित हलतो, पण वाहवत जात नाही. मात्र सेपरेट्रिक्सला अगदी खेटून सुरुवात केली तर तेवढं हलणंही दांडीला पलीकडे ढकलू शकतं.

थोडं घर्षण घातलं की फेऱ्यांचे वक्र खाली सरकत शेवटी झोक्यांत अडकतात. θ न गुंडाळता काढलं, तर माथ्याच्या बिंदूंकडे येणाऱ्या रेषा वरच्या अर्ध्या प्रतलाचे पट्टे पाडतात, आणि आरंभबिंदू कुठल्या पट्ट्यात आहे यावरून अडकण्याआधी किती फेऱ्या होतील ते ठरतं.