कानामागून आलेलं

‘कानामागून आली आणि तिखट झाली’ ही म्हण शिंगांची. वासराला कान जन्मतःच असतात, शिंगं मागाहून फुटतात आणि तीच टोचतात. भाषांतराचं शेवटचं मुद्रित मोठ्यानं वाचताना ही म्हण माझ्या डोक्यात घोळत राहते. मजकुराच्या बाबतीतही कानच आधीचा. परंपरा सांगते की नेवाशात ज्ञानेश्वर बोलत गेले आणि सच्चिदानंदबाबा उतरवून घेत गेले. डोळा मागाहून आला. मग दोघांत तिखट कोण?

भाषांतर करणाऱ्याचा डोळा पाठ झालेल्या वाक्यावरून घसरत जातो. तेच वाक्य तोंडानं म्हटलं, की क्रियापद येण्याआधीच दम संपतो. एका ओळीत दोनदा आलेलं ‘असल्यामुळे’ जिभेला ठेच लावतं. अशा जागी मी समासात नुसती फुली मारून पुढे जातो. तिथंच दुरुस्तीला बसलं, तर पुढच्या परिच्छेदाची लय ऐकूच येत नाही.

पण पाटोद्याकडे आम्ही बोलताना सर्रास ‘पानी’ म्हणतो. छापताना ‘ण’चा ‘न’ झाला तर माझ्या कानाला तो घरचाच वाटणार. ‘पाणि’ छापलं तरी उच्चार बदलत नाही. तिथं खालच्या ओळी कोऱ्या कागदानं झाकून डोळाच लावावा लागतो.

गळलेल्या ओळीचं आणखी अवघड. समजा, मुळात लागोपाठ दोन परिच्छेद ‘दुसऱ्या दिवशी’नं सुरू होतात. भाषांतर करताना नजर पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी मारते आणि पहिला परिच्छेद जातो. वाचताना काहीच खटकत नाही. फार तर पुढे कुठंतरी ‘तिनं दार लावलं’ येतं आणि ही बाई घरात शिरली कधी, असा प्रश्न पडतो. तेवढाही धागा उरला नसेल, तर मूळ पुस्तक उघडं धरून कुणी शेजारी बसल्याशिवाय इलाज नाही. एकानं भाषांतर वाचायचं, दुसऱ्यानं मुळातल्या वाक्यावर बोट ठेवत सरकायचं.

आमच्याकडे सप्ताहातलं पारायण असंच चालतं, फक्त मूळ आणि प्रत एकच असते. एकजण चुकला की बाकीचे आवाज त्याला ओढून घेतात. पण सगळ्यांच्या पोथीत तोच चुकीचा शब्द असेल तर? मग तोही सुरात म्हटला जातो. एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा पाठभेद साचायला जवळजवळ तीन शतकं मिळाली होती. त्या काळात कितीतरी कानांनी ते पाठ गोड मानून घेतले असणार. दोन पोथ्या दोन गोष्टी सांगत असतील आणि दोन्ही ओव्या सारख्याच गात असतील, तेव्हा नाथांनी काय केलं असेल?

हल्ली मला अडखळणाऱ्या पानांपेक्षा गुळगुळीत पानांचा जास्त संशय येतो. आणि फुली मारलेल्या जागी मूळ लेखकच अडखळला असेल, तर ती ठेच मी काढायची की ठेवायची?