‘चौगुले’चे ‘चागल’

आमच्या सीमाभागातील एका ऑनलाइन अर्जात ‘चौगुले’ हे आडनाव ‘चागल’ असे दिसू लागले, तेव्हा टंकलेखनाचा दोष असावा, असे अनेकांना वाटले. आम्ही तीच अक्षरे चौकटीतून उचलून दुसऱ्या पानावर चिकटवली. तेथे ‘चौगुले’ पूर्ण उमटले. म्हणजे नाव शाबूत होते. चौकटीने त्याचे डोके आणि पाय कापले होते. फाँट अथवा अक्षरजोडणी बिघडलेली असती, तर मात्रा तुटक गोलासह वेगळी पडली असती किंवा चिकटवल्यावरही तसाच बिघाड दिसला असता.

कारण साधे आहे. रोमन अक्षराला शिरोरेषा नाही, वर रफार-वेलांटी नाही, खाली उकार नाही. त्या लिपीचे माप धरून १६ पिक्सेल अक्षराला १८ पिक्सेल उंचीची चौकट दिली जाते. देवनागरीला फाँटनुसार २४ ते २६ पिक्सेल लागू शकतात. २६ धरले, तर आठ पिक्सेल जास्त होतात. ओळ चौकटीच्या मध्यावर बसवली जात असल्याने ही कमतरता वरखाली वाटली जाते: चार वर, चार खाली. म्हणूनच ‘चौ’च्या मात्रा आणि ‘गु’चा उकार एकाच वेळी गेले. याच न्यायाने ‘बेळगाव’चे ‘बळगाव’ आणि ‘खानापूर’चे ‘खानापर’ होते. रफार गेला, तर ‘अर्थ’ ‘अथ’ होतो. आणि ‘अथ’ हाही शब्दच असल्याने वाचणाऱ्याला शंकाही येत नाही.

(कन्नड मित्रांनीही हसू नये. त्यांचे जोडाक्षर ओळीखाली लटकते. तीच चौकट त्यांच्या भाषेच्या नावातील खालचा ‘न’ कापून टाकते.)

केवळ ओळीची उंची कमी असल्याने अक्षर कापले जात नाही. तेवढ्याने ते शेजारच्या ओळीवर चढते. कापते ती ठरावीक उंची आणि तिच्यासोबतची `overflow: hidden` ही आज्ञा. दुरुस्ती इतकीच:

```css
.naav {
  height: auto;
  min-height: 2em;
  line-height: 1.7;
}
```

उंची पिक्सेलऐवजी `em` मध्ये दिल्याने वाचकाने अक्षर मोठे केले की चौकटही वाढते. ओळी उंच झाल्यामुळे पडद्यावर नावे कमी मावतात, ही रचनाकारांची तक्रार खरी आहे. परंतु त्यावर अक्षर १२ पिक्सेल करण्याचा जो उपाय ते सुचवतात, त्याने अनुस्वार आणि रफार कापले गेले नाहीत तरी वयस्कांना वाचता येत नाहीत.

चाचणीसाठी ‘कमल’, ‘नमन’ असली गुळगुळीत नावे घालू नयेत. ‘विद्यार्थ्यांनी’, ‘मूर्ती’, ‘पिट्टू’ हे शब्द घालावेत आणि फोनमधील अक्षरांचा आकार सर्वांत मोठा ठेवून पाहावे. ‘पिट्टू’तील एकाखाली एक ‘ट’ आणि त्याखालचा ऊकार दिसला, तर तळाची जागा पुरेशी आहे.