चौविहार, दात आणि फ्लोराईड



माझी नणंद पांढरकवड्याला असते. तिचा परवा फोन आला. "वहिनी, आमच्याकडे पाण्यातल्या फ्लोराईडने मुलांच्या दातांवर डाग पडतात. मग मी फ्लोराईडची पेस्ट का घेऊ?" प्रश्न अगदी रास्त होता.

आपण गोड किंवा पिठूळ काही खाल्लं की तोंडातले जंतू त्याचं आम्ल करतात. त्या आम्लाने दातावरच्या कवचातला कॅल्शियम विरघळतो. थोड्या वेळाने लाळ तो परत भरते. त्या वेळी लाळेत थोडं फ्लोराईड असेल, तर भरलेला थर आम्लाला जास्त टिकतो. म्हणजे फ्लोराईडचं मुख्य काम दाताच्या पृष्ठभागावर चालतं, त्यासाठी ते गिळावं लागत नाही. पडलेलं भोक मात्र त्याने बुजत नाही.

डागांचं कारण वेगळं. हिरडीखाली दात घडत असताना मूल जास्त फ्लोराईड गिळत राहिलं, की पांढरे आणि पुढे तपकिरी पट्टे येतात. भारतीय मानकात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराईड चालतं, दुसरं पाणीच नसेल तर १.५ पर्यंत. यवतमाळकडे काही बोअरवेलचं पाणी याच्याही वर जातं. आमच्या खोपटला नळाला नदी-धरणाचं पाणी येतं, त्यात ही भीती नसते.

आता हिशोब बघा. १००० पीपीएमच्या १ ग्रॅम पेस्टमध्ये १ मिलिग्रॅम फ्लोराईड असतं. ब्रशभर पेस्ट म्हणजे साधारण तेवढीच. वाटाण्याएवढी घेतली तर पाव मिलिग्रॅम, आणि तीही थुंकायची. नणंदेचा मुलगा चार वर्षांचा, त्याला वाटाण्याएवढी पुरे. तीन वर्षांच्या आतल्याला तांदळाच्या दाण्याएवढी. पण १.५ चं एक लिटर पाणी म्हणजे दीड मिलिग्रॅम, सगळं पोटात. म्हणून तिला म्हटलं, "आधी बोअरचं पाणी तपासून घे." आणि आपण पाणी उकाळून पितो, त्याने जीव-जंतू जातात, फ्लोराईड जात नाही. उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण किंचित वाढतं. आरओने ते बरंच कमी होतं.

राहिला चौविहार. झोपेत लाळ कमी सुटते, म्हणून रात्री दात स्वच्छ हवेत. सूर्यास्ताआधी जेवण आटोपा, पाणी पिऊन घ्या, थोडं थांबून ब्रश करा, फेस नीट थुंका आणि मग पच्चक्खाण घ्या. ब्रशनंतर खळखळून चूळ भरली की फ्लोराईड धुऊन जातं. नुसतं थुंकलं तर ते दातांवर राहतं, आणि नंतर काही खायचं-प्यायचंच नसल्याने जास्त वेळ टिकतं.

ब्रशनंतर लगेच माऊथवॉशही नको. रोजच्या फ्लोराईड माऊथवॉशमध्ये सुमारे २२५ पीपीएमच असतं, म्हणजे पेस्टचं जास्त फ्लोराईड धुऊन कमी लावल्यासारखं. वापरायचाच तर दुपारच्या जेवणानंतर. सहा वर्षांखालच्या मुलांना तो देऊ नका, ती गिळतात.