नोकरी अर्धी केली, पेन्शन किती घटली?

आमचं मूळ गाव सांगली जिल्ह्यात विट्याजवळ. वडील सोनं-चांदी गाळायच्या गलाई धंद्यासाठी कुंभकोणमला आले आणि इथलेच झाले. मीही बरीच वर्षं चुलत्यांच्या गलाई दुकानात होतो. तिथे पीएफ वगैरे काही नव्हतं. १ सप्टेंबर २००६ पासून मी इथल्या एका मोठ्या साडीच्या दुकानात हिशेबनीस म्हणून लागलो. पीएफ आणि त्यातली पेन्शन तेव्हापासून सुरू झाली.

२०२३ च्या उन्हाळ्यात आई न्हाणीघरात घसरली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण ती पुन्हा चालू शकली नाही. तिला उचलणं, कूस बदलणं, स्वच्छ करणं बायकोला एकटीला झेपत नव्हतं. मला अठ्ठावन्न पूर्ण व्हायला दोन वर्षं होती. नोकरी सोडणं परवडणारं नव्हतं आणि पूर्ण वेळ करणंही शक्य नव्हतं.

मी मालकांशी बोललो. माणूस चांगला. ते म्हणाले, सकाळी चार तास या, दुपारी घरी जा. पगार अर्धा. माझा मूळ पगार अधिक महागाई भत्ता मिळून १८,००० रुपये होते, ते ९,००० होणार. दोन दिवसांत पत्रही तयार झालं: "१ सप्टेंबर २०२३ पासून अर्धवेळ, मासिक वेतन ९,००० रुपये." खाली सहीची जागा.

तेवढ्यात माझा मेव्हणा आईला बघायला आला. त्रिचीच्या एका कारखान्यात त्याने आयुष्यभर पगार आणि पीएफचं टेबल सांभाळलं होतं. पत्र वाचून तो म्हणाला, "दाजी, आज सही करू नका. आधी कागद-पेन घ्या."

मग आम्ही आईच्या खाटेशेजारी बसून हिशेब मांडला. तो इथे सविस्तर देतो, कारण अशी पत्रं अनेकांच्या हातात येतात.

पीएफमधली पेन्शन म्हणजे कर्मचारी पेन्शन योजना, १९९५. तिचं सूत्र साधं आहे. पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. पेन्शनपात्र पगार म्हणजे शेवटच्या ६० महिन्यांची सरासरी. पूर्वी ती शेवटच्या १२ महिन्यांची होती, १ सप्टेंबर २०१४ पासून ६० झाली. पगार कितीही जास्त असो, पेन्शनसाठी सहसा १५,००० च धरतात. १ सप्टेंबर २०१४ च्या आधीच्या सेवेला ही मर्यादा ६,५०० आहे.

माझी २०१४ च्या आधीची सेवा ८ वर्षं आणि नंतरची ऑगस्ट २०२५ पर्यंत ११ वर्षं. पूर्ण वेळ काम केलं असतं तर पहिल्या तुकड्याचे ६,५०० गुणिले ८ भागिले ७०, म्हणजे ७४३ रुपये. दुसऱ्याचे १५,००० गुणिले ११ भागिले ७०, म्हणजे २,३५७. एकूण ३,१०० रुपये महिना.

आता ते पत्र लावून बघा. शेवटच्या ६० महिन्यांतले ३६ महिने १५,००० चे आणि २४ महिने ९,००० चे. सरासरी येते १२,६००. ही सरासरी फक्त शेवटच्या दोन वर्षांना लागत नाही, २०१४ नंतरच्या सगळ्या अकरा वर्षांना लागते. मला खरा धक्का इथे बसला. ज्या वर्षांत मी दिवाळीला रात्री अकरापर्यंत गल्ल्यावर बसलो, त्या वर्षांची पेन्शनही खाली येणार होती. दुसऱ्या तुकड्याचे होतात १,९८० आणि एकूण २,७२३. महिन्याला ३७७ रुपये कमी, तेही जन्मभर. माझ्यामागे बायकोला माझ्या पेन्शनच्या निम्मी मिळणार, म्हणजे तिचीही कमी.

मेव्हण्याने मग योजनेचा अकरावा परिच्छेद काढून दाखवला. त्यात लिहिलं आहे की, साठ महिन्यांत काही काळ वर्गणी भरलेली नसेल किंवा महिन्याच्या काही दिवसांचाच पगार मिळाला असेल, तर एकूण पगाराला प्रत्यक्ष पगारी दिवसांनी भागायचं आणि ३० ने गुणायचं. म्हणजे सरासरी काढताना बिनपगारी दिवस बाजूला राहतात. ते दिवस फक्त सेवेतून वजा होतात.

याचा अर्थ असा. मी रोज अर्धा दिवस गेलो, तर कागदोपत्री महिन्याचे तीसही दिवस पगारी, पण पगार अर्धा. माझा दर पडतो. पण पंधरा दिवस पूर्ण वेळ काम केलं आणि पंधरा दिवस मंजूर बिनपगारी रजा घेतली, तर हातात तेच ९,००० येतात आणि दर मात्र १८,००० चाच राहतो. सरासरी १५,००० वर टिकते. दोन वर्षांतलं एक वर्ष सेवेतून जातं. मग दुसऱ्या तुकड्याचे १५,००० गुणिले १० भागिले ७०, म्हणजे २,१४३, आणि एकूण २,८८६ रुपये. नुकसान ३७७ ऐवजी २१४.

दरमहा १६३ रुपयांचा हा फरक काहींना किरकोळ वाटेल. मोठी रक्कम पुढेच होती. ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर काढतात: शेवटचा मासिक पगार गुणिले १५ भागिले २६ गुणिले सेवेची वर्षं. १८,००० वर एकोणीस वर्षांचे १,९७,३०८ रुपये होतात. ९,००० वर ९८,६५४. त्या एका सहीने माझे जवळजवळ एक लाख रुपये गेले असते. तेव्हा लागू असलेल्या १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यात जुन्या काळाचा जुना पगार धरण्याची सवलत होती, पण ती अपंगत्व आल्यामुळे कमी पगारावर काम करणाऱ्यालाच. आईची सेवा करणाऱ्याला ती मिळत नव्हती.

मी धाकट्या भावाला फोन लावला. तंजावूरला त्याचं गलाईचं दुकान आहे आणि आता मुलगा हाताशी आला आहे. महिन्याचे पंधरा दिवस तो इथे राहायला तयार झाला. मालकांना मी नवी मांडणी सांगितली. त्यांचा खर्च तेवढाच होता, त्यामुळे त्यांनी हरकत घेतली नाही. आडी महिन्यातल्या सवलतीच्या विक्रीत आणि दिवाळीच्या गर्दीत माझे दिवस जुळवून घ्यायचं ठरलं. नवं पत्र असं झालं: "मासिक वेतनदर १८,००० रुपये कायम. कौटुंबिक कारणासाठी दरमहा १५ दिवसांची बिनपगारी रजा मंजूर. सेवा अखंड धरली जाईल." शेवटचं वाक्य मेव्हण्याने आग्रहाने घालून घेतलं. रजा मंजूर असल्याचा कागद नसेल, तर ग्रॅच्युइटीच्या वेळी सेवा तुटली असं कोणी म्हणू शकतं.

तरी एक घोटाळा झालाच. दुकान दर महिन्याला पीएफचं जे ऑनलाइन विवरण भरतं, त्यात प्रत्येक कामगारासमोर एनसीपी दिवसांचा रकाना असतो. बिनवर्गणीचे, म्हणजे बिनपगारी दिवस तिथे भरायचे. पहिले काही महिने आमच्या ऑफिसात माझ्यासमोर तिथे शून्य भरलं गेलं आणि पगार ९,०००. म्हणजे तीस दिवस काम आणि पगार अर्धा, असंच दिसत होतं. पत्र बरोबर असूनही पेन्शन जुन्याच हिशेबाने घटली असती.

पासबुकात हे कळत नाही. तिथे पगार आणि वर्गणी दिसते. मी ऑफिसकडून त्या विवरणाची प्रत मागितली, तेव्हा तो शून्य दिसला. दर महिन्याच्या २७ तारखेला भविष्य निधी संघटना जिल्ह्याजिल्ह्यात 'निधी आपके निकट' शिबिर घेते. आमच्या जिल्ह्याच्या शिबिरात जाऊन मी विचारलं. मालकांचं पत्र, रजा मंजुरीचा कागद आणि हजेरीपटाच्या प्रती जोडून दुरुस्तीचा अर्ज द्या, असं सांगितलं. तसं केलं. दुरुस्ती व्हायला बरेच महिने गेले आणि त्या काळात माझी झोप नीट नव्हती. तेव्हापासून मी दर महिन्याला विवरणाची प्रत घेऊन फाइलला लावायला लागलो.

आई २०२५ च्या जानेवारीत गेली. त्यानंतरही मी तीच व्यवस्था चालू ठेवली, कारण माझ्यातही फारसा जोर उरला नव्हता. ३१ ऑगस्ट २०२५ ला सेवा पूर्ण झाली. पेन्शनचा १०-डी फॉर्म भरला. पेन्शन २,८८६ रुपयांची मंजूर झाली आणि ग्रॅच्युइटी १८,००० च्या दराने मिळाली. ती बँकेत जमा झाल्यावर मी त्याच दुकानात नव्या पत्रावर रोज अर्धा दिवस जायला लागलो, ९,००० वर. अठ्ठावन्नाला पेन्शन सुरू झाली की पेन्शन फंडात वर्गणी जातच नाही, म्हणून आता पगार अर्धा झाला तरी पेन्शनला धक्का लागत नाही. घरी अडचण नसेल, तर काम कमी करायची योग्य वेळ हीच.

माझा मार्ग सगळ्यांना लागू पडेल असं नाही. ज्यांचा अर्धा पगारही १५,००० च्या वर राहतो, त्यांच्या पेन्शनला अर्धवेळाने काही होत नाही. त्यांनी फक्त ग्रॅच्युइटी बघावी. ज्यांची सेवा वीस वर्षांच्या काठावर आहे, त्यांनी बिनपगारी दिवस नीट मोजावेत. वीस वर्षं भरली की हिशेबात दोन वर्षं जास्तीची मिळतात. रजेमुळे सेवा विसाच्या खाली गेली, तर तीही जातात. दहा वर्षांच्या काठावर असलेल्यांना तर धोका त्याहून मोठा, कारण दहा वर्षांखाली महिन्याची पेन्शनच मिळत नाही.

साठीच्या उंबरठ्यावर कोणी अर्धवेळाचं पत्र पुढे केलं, तर सहीआधी त्यात मासिक वेतनदर काय लिहिला आहे ते बघा. तो घटवला असेल, तर दर कायम ठेवून मंजूर बिनपगारी रजा मागा. मग पहिल्याच महिन्यात विवरणाची प्रत घेऊन एनसीपीचा रकाना तपासा.