फोटो तर कुणालाच पाठवला नव्हता

थोरल्यासाठी वसईतल्या एका घरून मुलीचा बायोडाटा आला. सोबत दोन फोटो होते, एक फक्त चेहऱ्याचा आणि एक पूर्ण उभा. तिच्या अम्मींनी फोनवर आधीच सांगितलं होतं, "फक्त घरच्यांनी बघा. पुढं कुणाला पाठवू नका." त्यांची काळजी आम्हाला समजत होती. जानेवारी 2022 मधलं 'बुल्ली बाई' प्रकरण कोण विसरेल? मुस्लीम महिलांचे समाजमाध्यमांवरचे फोटो उचलून त्यांचा खोटा लिलाव मांडला होता. मुंबई पोलिसांच्या सायबर विभागाला बंगळुरू आणि उत्तराखंडातून संशयितांना अटक करावी लागली होती. आम्ही शब्द दिला आणि फोटो पुढं पाठवला नाही. म्हणजे, तसं आम्हाला वाटत होतं.

जुम्म्याला आमचा भाचा नालासोपाऱ्याहून जेवायला आला. त्याच्या मोबाइलमध्ये चेहरा आणि शरीर तपासणारं एक अ‍ॅप होतं. थट्टेथट्टेत त्यानं आमच्या फोनवरून फोटो घेतला आणि त्यात टाकला. 'या व्यक्तीची परवानगी माझ्याकडे आहे' असा एक चौकोन आला, त्यावर त्यानं टिचकी मारली. आम्ही शेजारीच बसलो होतो. कुणीच त्याला अडवलं नाही, उलट निकाल बघायला माना पुढं केल्या.

मुलगी चोवीस वर्षांची, अ‍ॅप म्हणालं एकतीस. वजन अडुसष्ट किलो. त्वचा असमान. चेहरा सममित नाही. आमच्या आपा लगेच म्हणाल्या, "वजन लपवलंय वाटतं."

थोरला मात्र शांतपणे म्हणाला, "एका फोटोवरून वजन कळतं कसं?" तो एका दुकानात फोटोग्राफीचं काम करतो. त्यानं सांगितलं, कॅमेरा किती अंतरावर होता हे माहीत नसेल आणि फोटोत ज्याची लांबी ठाऊक आहे अशी वस्तू नसेल, तर माणसाचा आकार मोजता येत नाही. ढगळ अबायाखाली काय आहे ते तर कुणालाच दिसत नाही. अ‍ॅप आपण आधी पाहिलेल्या फोटोंवरून अंदाज बांधतं आणि तो आकड्यात छापतं, म्हणून खरा वाटतो. चेहऱ्याचा फोटो तिनं हात लांब करून स्वतः काढलेला होता. इतक्या जवळून काढला की नाक मोठं दिसतं. 2018 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी हिशोब केला होता: एका फुटावरून काढलेल्या फोटोत नाकाची रुंदी पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे 30 टक्के जास्त दिसते. खोलीतला पिवळा दिवा त्वचेचा रंग बदलतो, ते वेगळंच.

पण निकाल चुकीचा होता, यानं आमची चूक धुतली जात नाही. निकाल बरोबर आला असता, तर आम्ही ती गोष्ट हसण्यावारी सोडून दिली असती.

रात्री थोरल्यानं दुसरी गोष्ट दाखवली. अ‍ॅपच्या अटींमध्ये लिहिलं होतं की फोटो कंपनीच्या सर्व्हरवर जातो आणि सेवा सुधारण्यासाठी वापरला जाऊ शकतो. चेहरा ओळखणारी यंत्रणा चेहऱ्याचं रूपांतर आकड्यांच्या एका लांब रांगेत करते, आणि ती रांग जुळवून त्याच माणसाचा दुसरा फोटो शोधता येतो. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. चेहरा कसा बदलणार? आम्ही कुणाला फॉरवर्ड केलं नव्हतं, पण फोटो घराबाहेर गेला होता, आणि कुठे, ते आम्हालाही माहीत नव्हतं.

तिच्या अम्मींची परवानगी होती बघण्याची. तपासण्याची नव्हती. आणि भाच्यानं ज्या चौकोनावर टिचकी मारली, ती परवानगी तर त्या मुलीचीच असायला हवी होती. 2023 चा वैयक्तिक माहितीचा कायदा घरगुती वापराला लागू होत नाही, हे थोरल्यानं वाचून दाखवलं. म्हणजे आम्हाला कायद्याचा धाक नव्हता. फोटो मात्र आमच्याकडे अमानत होता.

भाच्याला आधी वाटलं, अ‍ॅप काढून टाकलं की झालं. तसं होत नाही. फोनमधून अ‍ॅप गेलं तरी सर्व्हरवरची माहिती राहू शकते. म्हणून त्यानं आधी सेटिंगमध्ये जाऊन खातं आणि माहिती पुसण्याची विनंती केली, कंपनीला तसं ईमेलनं लिहिलं, आणि त्यानंतर अ‍ॅप काढलं. फोनच्या गॅलरीतली प्रत आणि कचरापेटीतली प्रतही पुसली. कंपनीचं उत्तर अजून आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही मुलीच्या घरी फोन केला. आपांचं मत होतं, कशाला सांगायचं, त्यांना कळणार कसं? सांगितलं. अम्मी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मुलीला विचारते." संध्याकाळी मुलीचाच मेसेज आला. अ‍ॅपचं नाव आणि पाठवलेल्या ईमेलची प्रत तिनं मागितली. दोन्ही पाठवलं.

रिश्त्याचं त्यांनी अजून काही कळवलेलं नाही. आम्हीही विचारलेलं नाही.