नव्या कॉम्प्रेसरसाठी १८ लाख: वित्तप्रमुखांना अनावृत पत्र

आदरणीय मॅडम,



देखभाल विभागाच्या वतीने मी १८ लाख रुपयांची मंजुरी मागतो आहे. ७५ किलोवॉटचा, व्हीएफडी असलेला, म्हणजे हवेच्या गरजेप्रमाणे मोटरचा वेग कमी-जास्त करणारा स्क्रू कॉम्प्रेसर घ्यायचा आहे. यातून वर्षाला साधारण ७ लाख रुपये वाचतील आणि पैसे सुमारे ३१ महिन्यांत वसूल होतील. आपला होकार किंवा नकार गुरुवार, २५ जून २०२६ पर्यंत हवा आहे. पत्र सर्वांसमोर लिहितो आहे, कारण ज्यांच्या मशीनवर ही हवा वापरली जाते त्यांनाही हा हिशेब तपासता आला पाहिजे.

आपला सध्याचा कॉम्प्रेसर एकाच वेगाने फिरतो. लाइनमधला दाब ७.५ बारला पोचला की तो अनलोड होतो, ६.५ बारला उतरला की पुन्हा लोड घेतो. अनलोड असताना तो हवेचा एक लिटरही देत नाही, पण मोटर फिरतच असते. मीटर लावून मोजले तेव्हा लोडवर ८२ किलोवॉट आणि अनलोडवर २७ किलोवॉट भरले. तिसऱ्या पाळीत अर्ध्या मशीन बंद असतात, तेव्हा कॉम्प्रेसर रूममध्ये पाच मिनिटे उभे राहिले तरी हे कळते. आवाज उतरतो, पॅनेलवर अनलोडचा दिवा लागतो आणि अँपिअरचा काटा मात्र शून्यावर येत नाही. त्या २७ किलोवॉटचे बिल आपण दर महिन्याला भरतो.

नवे यंत्र मागण्याआधी गळती बंद करणे हे आमचे काम होते, ते झाले आहे. एका रविवारी सगळ्या मशीन बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालवला. हवा कोणीच वापरत नव्हते, तरी तो ४५ सेकंद लोड आणि १३५ सेकंद अनलोड असा चालत राहिला. म्हणजे कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या २५ टक्के हवा नुसती गळत होती. फिटर मंडळींनी साबणाचे पाणी घेऊन लाइन तपासली. गळती मुख्य पाइपात फारशी नव्हती. ती मशीनजवळच्या क्विक कपलिंगमध्ये, कडक झालेल्या पीयू पाइपांच्या टोकांना आणि एफआरएल युनिटच्या वाट्यांमध्ये सापडली. नेहमीच्या देखभाल खर्चातूनच ती १० टक्क्यांवर आणली. त्यामुळे लोडवरचा वेळ ६० टक्क्यांवरून ४५ टक्क्यांवर आला आणि वीजही वाचली. मात्र त्या बचतीचा एक रुपयाही मी या प्रस्तावात धरलेला नाही. गळतीची बचत नव्या यंत्राच्या नावावर दाखवून पेबॅक आकर्षक करण्याची पद्धत या धंद्यात सर्रास आहे. आपल्यासमोर असे कागद आले असतील, तर आपण साशंक असणे योग्यच आहे.

आता गळती कमी झाल्यानंतरचा हिशेब. वर्षाचे ७,२०० तास, त्यातले ४५ टक्के लोडवर आणि बाकीचे अनलोडवर, असे धरले तर जुना कॉम्प्रेसर ३,७२,६०० युनिट घेतो. तेवढीच हवा देताना व्हीएफडी यंत्राला, ड्राइव्हमधली तूट धरून, सरासरी ४० किलोवॉट लागतील, म्हणजे २,८८,००० युनिट. फरक ८४,६०० युनिटांचा.

इथे दराचा मुद्दा थोडा सविस्तर सांगतो, कारण बहुतेक प्रस्ताव इथेच फुगतात. आपल्या बिलाच्या एकूण रकमेला युनिटांनी भागले तर युनिटला १०.८० रुपये येतात. पण त्यात डिमांड चार्ज आहे, जो केव्हीएवर लागतो. कॉम्प्रेसर एरवी कितीही कमी वीज घेवो, दुपारी सगळ्या मशीन एकदम चालतात तेव्हा डिमांड जवळपास तेवढीच राहील. म्हणून मी फक्त युनिटांबरोबर खरोखर घटणारा भाग, वीजशुल्कासह ९ रुपये, धरला आहे. त्याने बचत ७,६१,४०० रुपये होते. ड्राइव्हचे कार्ड, पंखे आणि फिल्टर यांच्यासाठी वर्षाला ६०,००० बाजूला काढले की ७ लाखांच्या थोडे वर उरतात.

खर्चात यंत्राचे १६.५ लाख आहेत आणि पाइप, केबल, बसवणी यांचे १.५ लाख. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३.२४ लाख. त्याचे क्रेडिट मिळेल, त्यामुळे तो खर्चात धरलेला नाही. पण क्रेडिट मिळेपर्यंत तेवढी रोकड अडकेल, ती आपल्या नियोजनात असावी. जुन्या मोटरलाच ड्राइव्ह बसवला तर कमी पैशांत होईल, हा प्रश्न आपण विचारालच. तो पर्याय आम्ही सोडला. कमी वेगात त्या मोटरचा स्वतःचा पंखाही हळू फिरतो, मोटर तापते, आणि तिचे जुने इन्सुलेशन ड्राइव्हवर किती टिकेल याची हमी कोणी देत नाही. जुना कॉम्प्रेसर आहे तसा स्टँडबाय ठेवू.

हा प्रस्ताव कुठे फसू शकतो तेही मांडतो. व्हीएफडीचा फायदा मागणी अर्धवट असते तेव्हाच होतो. पूर्ण लोडवर तो साध्या यंत्रापेक्षा थोडी जास्तच वीज घेतो. नवी ऑर्डर येऊन हवेची मागणी ६५ टक्क्यांवर गेली, तर निव्वळ बचत पावणेचार लाखांवर येईल आणि वसुलीला पावणेपाच वर्षे लागतील. विक्री विभागाकडून पुढच्या तीन वर्षांचा अंदाज आपण मागवावा, असे मला वाटते. तो अंदाज ६५ च्या पुढे जात असेल, तर नकार द्या. मग वेगळा प्रस्ताव करावा लागेल.

बचत खरोखर झाली का, हे माझ्या शब्दावर ठेवू नका. दोन्ही कॉम्प्रेसरना स्वतंत्र एनर्जी मीटर लागतील. पुरवठादाराने ४५ टक्के आणि १०० टक्के हवेवर दर घनमीटरला लागणारी वीज लेखी द्यायची, आणि बसवल्यावर ती जागेवर मोजून दाखवेपर्यंत १० टक्के रक्कम आपण रोखून ठेवायची. पहिले तीन महिने मीटरचे आकडे उत्पादनासह आपल्या टेबलावर येतील.

आता तारीख. कोटेशन ३० जूनपर्यंत वैध आहे. पीओनंतर यंत्र यायला दहा आठवडे लागतात, म्हणजे ते ८ सप्टेंबरच्या सुमारास पोचेल. नवी लाइन मुख्य हेडरला जोडायला पूर्ण कारखान्याची हवा बंद करावी लागते. गणेश चतुर्थी यंदा सोमवारी, १४ सप्टेंबरला आहे. रविवार धरून सलग दोन दिवस कारखाना बंद मिळतो, म्हणजे उत्पादनाचा एक तासही जात नाही. ही संधी हुकली तर पुढची दिवाळीत. शिवाय ३ ऑक्टोबरपर्यंत यंत्र वापरात आले, तर यंदाचा पूर्ण घसारा मिळतो. त्यानंतर १८० दिवस भरत नाहीत आणि यंदा निम्माच मिळतो. उरलेला पुढच्या वर्षांत येतोच, त्यामुळे मी याला मोठे कारण म्हणत नाही. मोठे कारण हे की उशिराच्या प्रत्येक महिन्याला ६३,००० रुपयांची वीज जादा जाते.

मोजमापांच्या नोंदी, तीन कोटेशन आणि हिशेबाची शीट फाइलमध्ये जोडली आहे. मंजुरी, नकार किंवा अटी, यांपैकी जे असेल ते २५ जूनच्या संध्याकाळपर्यंत कळवावे. शंका असल्यास त्याआधी अर्धा तास द्यावा. मी मीटर घेऊन येतो आणि आपण कॉम्प्रेसर रूममध्येच बोलू.

आपला,
देखभाल विभागप्रमुख